रिकाम्या रांगेसाठी किती वेळा फेरी मारायची?

संध्याकाळी साडेपाचला सातवीतल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. "सर, हा आज शाळेत आलाच नव्हता म्हणे. मग मला मेल कसा नाही आला?" मुलगा सुखरूप होता. दप्तर घेऊन घराबाहेर पडला होता आणि दिवसभर मैदानावर क्रिकेट खेळत बसला होता. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत आईला त्याचा पत्ता नव्हता. आमच्या शाळेत गैरहजर मुलांच्या पालकांना ११ ते १२ च्या दरम्यान आपोआप मेल जातो. त्या दिवशी तो गेलाच नाही.

हा मेल पाठवणारी स्क्रिप्ट मीच लिहिलेली, गुगल शीटच्या मागे चालणारी. शोधायला बसलो तेव्हा त्या स्क्रिप्टमध्ये एका अक्षराचीही चूक सापडली नाही. दोष दुसऱ्याच स्क्रिप्टचा होता. बोनाफाईड दाखल्यांचे अर्ज तपासणारी स्क्रिप्ट दर मिनिटाला उठून पाहायची, "आला का अर्ज?" आणि जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर असायचं, "नाही." या रिकाम्या फेऱ्यांनीच खात्याला दिवसभरासाठी मिळणारा वेळ खाऊन टाकला होता. बऱ्याच शाळांत आता कोणी ना कोणी शिक्षक अशा स्क्रिप्ट लिहितात, आणि नववी-दहावीची मुलंही प्रोजेक्ट म्हणून लिहू लागली आहेत. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पोलिंग म्हटलं की आपल्याला इलेक्शन ड्यूटी आठवते, पण इथला अर्थ वेगळा आहे. ठरावीक वेळाने जाऊन विचारत राहणं, काही काम आलंय का, याला संगणकवाले पोलिंग म्हणतात. दोन विचारण्यांमधलं अंतर म्हणजे पोलिंग इंटरव्हल. मी त्याला सरळ 'फेरी' आणि 'फेरीचं अंतर' म्हणणार आहे. दुसरी पद्धत अशी, की आपण जायचंच नाही. काम आलं की तेच आपल्याला उठवेल. याला इव्हेंट ट्रिगर म्हणतात. मी म्हणेन 'हाक'.

स्वयंपाकघरात दोन्ही पद्धती रोज असतात. कुकरची शिट्टी ही हाक आहे. शिट्टी होईपर्यंत तुम्ही खुशाल बाहेर पेपर वाचा. गॅसवर साध्या पातेल्यात ठेवलेलं दूध मात्र काही बोलत नाही, त्याच्याकडे फेऱ्या माराव्या लागतात. आणि किती वेळाने फेरी मारायची हे दूधच ठरवतं. पातेलं मोठं आणि गॅस मंद असेल तर पाच मिनिटांनी पाहिलं तरी चालतं. आच मोठी असेल तर तिथून हलता येत नाही.

आता आमची रांग पाहू. पालक गुगल फॉर्म भरतात. विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, दाखला कशासाठी हवा (एसटीचा पास, शिष्यवृत्ती, बँकेत खातं) एवढीच माहिती. प्रत्येक अर्ज शीटमध्ये एक नवी ओळ होऊन बसतो. शेवटच्या रकान्यात मी 'स्थिती' ठेवली आहे. ती रिकामी असेल तर अर्ज बाकी आहे. म्हणजे स्थिती रिकामी असलेल्या ओळी हीच आमची रांग. स्क्रिप्टने बाकी ओळ उचलायची, नाव जनरल रजिस्टरच्या शीटशी ताडून पाहायचं, दाखल्याचा मसुदा तयार करून भाऊसाहेबांकडे, म्हणजे आमच्या क्लार्ककडे पाठवायचा आणि पालकांना 'अर्ज मिळाला' असा मेल करायचा. जून-जुलै सोडले तर दिवसाला साधारण आठ अर्ज येतात.

ट्रिगर लावायच्या पानावर `Time-driven` आणि मग `Minutes timer` निवडलं, की १, ५, १०, १५ आणि ३० मिनिटं असे पर्याय मिळतात. मी `Every minute` निवडलं होतं. का निवडलं याला काहीही कारण नव्हतं. लवकर ते चांगलं, एवढंच डोक्यात होतं.

दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे फेऱ्याही १४४०. अर्ज आठ. प्रत्येक अर्जाला स्वतंत्र फेरी लागली असं धरलं तरी १४३२ फेऱ्या रिकाम्या. सुरुवातीला एका फेरीला २ सेकंद लागत. १४४० गुणिले २ म्हणजे २८८० सेकंद, ४८ मिनिटं. साध्या जीमेल खात्याला ट्रिगरने चालणाऱ्या सगळ्या स्क्रिप्टना मिळून दिवसाला ९० मिनिटं मिळतात. (संस्थेचं वर्कस्पेस खातं असेल तर ६ तास.) ४८ मिनिटं त्यात बसत होती, म्हणून महिनोन्महिने काही कळलंच नाही.

मग मी सुधारणा केली. नाव ताडून पाहण्यासाठी जनरल रजिस्टरची शीट उघडायची ओळ स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला टाकली. दुसरी मोठी शीट उघडून वाचायला वेळ लागतो, त्यामुळे फेरी ४ सेकंदांची झाली. १४४० गुणिले ४ म्हणजे ५७६० सेकंद, ९६ मिनिटं. मर्यादा ९० ची. ९० मिनिटांचे ५४०० सेकंद १४४० फेऱ्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला ३.७५ सेकंद येतात. तेवढ्यापर्यंत सगळं सुरळीत, आणि पाव सेकंद वर गेलं की रोज शेवटच्या दीड तासात सगळं ठप्प. आमच्याकडे तो दीड तास नेमका सकाळी शाळा भरल्यानंतरचा निघाला. स्क्रिप्टच्या `Executions` पानावर त्या वेळेसमोर ओळीने अपयशाच्या नोंदी होत्या, त्यातला संदेश असा: `Service using too much computer time for one day`.

या प्रकारात एक गंमत आहे, आणि तिच्यामुळेच दोष सापडायला उशीर झाला. ज्या स्क्रिप्टने वेळ उधळला तिचं फारसं काही बिघडलं नाही. वेळ संपला तेव्हा तिच्या फेऱ्या थांबल्या, नवा वेळ मिळाल्यावर पुन्हा सुरू झाल्या, आणि मधल्या दीड तासात आलेले अर्ज रांगेत होतेच, ते तिने उचलले. कोणाची तक्रार आली नाही. नुकसान झालं ते त्याच खात्यावरच्या गैरहजेरीच्या स्क्रिप्टचं. तिची दिवसातून एकच वेळ, ती गेली की त्या दिवसाचं काम गेलं. घरात एकाने गिझर चालू ठेवून टाकी रिकामी करावी आणि आंघोळ दुसऱ्याचीच राहावी, तसं. तेव्हा फेरीचं अंतर ठरवताना आपल्या स्क्रिप्टला काय परवडतं एवढं पाहून भागत नाही. त्याच खात्यावर आणखी काय काय चालतं, तेही पाहावं लागतं.

आता खरा प्रश्न. अंतर किती ठेवायचं?

मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. संगणक किती वेळा पाहू शकतो, असं विचारलं. विचारायला हवं होतं की अर्ज उचलल्यावर पुढे काय होतं. मसुदा भाऊसाहेबांकडे जातो. ते दुपारच्या सुट्टीनंतर सगळे मसुदे एकदम छापतात. मुख्याध्यापक चारच्या सुमारास सह्या करतात. दाखला दुसऱ्या दिवशी मिळतो. म्हणजे सकाळी १० वाजून ४ मिनिटांनी आलेला अर्ज १० वाजून ५ मिनिटांनी उचलला काय किंवा पाऊण तासाने उचलला काय, दाखला मिळतो दुसऱ्या दिवशीच. मिनिटाची फेरी मारून मी कोणाचा एक मिनिटही वाचवत नव्हतो. घाई असलीच तर ती 'अर्ज मिळाला' या मेलची. पालक फॉर्म भरतात, मेल येत नाही, मग पोचला की नाही या शंकेने पुन्हा भरतात. असे दुहेरी अर्ज आमच्याकडे येत होते. साधारण पाव तासात पोच मिळाली तर बहुतेक जण थांबतात, असा माझा अनुभव.

म्हणून आधी ठरवायची ती सहन होईल अशी सर्वांत मोठी वाट. आमच्याकडे ती १५ मिनिटं. वाट आणि अंतर यांचं नातं सोपं आहे. अर्ज दोन फेऱ्यांच्या मध्ये केव्हाही येऊ शकतो. नुकतीच फेरी होऊन गेली असेल तर जवळजवळ पूर्ण अंतर थांबावं लागतं, फेरी व्हायचीच असेल तर काहीच नाही. सरासरी निम्मं. १५ मिनिटांच्या फेरीत सरासरी वाट साडेसात मिनिटं, जास्तीत जास्त १५ आणि वर फेरीचे स्वतःचे काही सेकंद. यातलं सरासरी पाहून समाधान मानू नये. जो पालक शंका येऊन दुसरा फॉर्म भरतो, तो सरासरीतला नसतो, सर्वांत जास्त थांबलेला असतो. म्हणून अंतर ठरवताना मोठी वाट धरावी.

मग खर्च काढायचा. १५ मिनिटांनी एक फेरी म्हणजे दिवसाला ९६. चार सेकंदांच्या हिशेबाने ३८४ सेकंद, साडेसहा मिनिटांच्या आत. ९६ मिनिटांवरून साडेसहा मिनिटांवर, आणि दाखल्याच्या तारखेत फरक शून्य. पाच मिनिटांची फेरी ठेवली असती तरी १९ मिनिटांच्या आसपास भागलं असतं. तेही चाललं असतं. अंतर वाढवल्यावर पहिल्या काही पायऱ्यांनाच फार बचत होते, पुढे ती कमी कमी होत जाते. १५ चं ३० केलं तर वाचणार जेमतेम तीन मिनिटं, आणि पालकाची वाट मात्र दुप्पट होणार. तिथे थांबायचं.

मिनिटांना हात लावण्याआधी करण्यासारखं आणखी एक काम होतं, ते मला उशिरा सुचलं. रिकामी फेरी स्वस्त असली पाहिजे. रांग बहुतेक वेळा रिकामीच असते, म्हणून आपण खर्च कमी करायचा तो भरलेल्या नव्हे, रिकाम्या फेरीचा. जनरल रजिस्टर उघडायची ओळ मी वर टाकली होती. म्हणजे रांगेत कोणी नसतानाही दिवसातून १४३२ वेळा रजिस्टर उघडलं जात होतं. पाहुणे आलेत का ते दारात पाहायच्या आधीच चहा टाकण्यातला प्रकार. ती ओळ खाली नेली, बाकी अर्ज सापडला तरच रजिस्टर उघडायचं असं केलं, आणि रिकामी फेरी पुन्हा २ सेकंदांवर आली.

रात्रीचंही पाहा. रात्री दोन वाजता आलेल्या अर्जाची पोच सकाळी मिळाली तरी चालते. मिनिटांचा ट्रिगर रात्रीही वाजतच राहतो, पण स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत घड्याळ पाहून परत फिरावं:

```javascript
const h = new Date().getHours();
if (h < 8 || h >= 18) return;
```

यात एक खड्डा आहे. हे घड्याळ स्क्रिप्टच्या टाइम झोनप्रमाणे चालतं. `Project Settings` मध्ये जाऊन तिथे भारताची वेळ आहे ना, ते पाहून घ्या. एका सहकाऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये अमेरिकेतली वेळ होती. त्यांची स्क्रिप्ट दिवसा झोपायची आणि आपल्याकडे रात्र झाली की कामाला लागायची.

इथपर्यंत आलात तर तुम्ही विचारालच, की मग फेऱ्या हव्यातच कशाला? फॉर्म भरला की हाक मिळण्याची सोय आहे ना?

आहे. ट्रिगर लावताना `From spreadsheet` आणि मग `On form submit` निवडलं, की फॉर्म सादर झाल्यावर लगेच फंक्शन चालतं. अर्ज आठ, तर धावा आठ. ४ सेकंदांच्या हिशेबाने दिवसाला ३२ सेकंद. पोच काही सेकंदांत जाते. कमी काम आणि कमी वाट, दोन्ही एकदम. फेऱ्यांच्या पद्धतीत हे होतच नाही, तिथे एक कमी केलं की दुसरं वाढतं. रांग बहुतेक वेळ रिकामी आहे, काम एकेक करून येतं आणि येणारी बाजू हाक मारू शकते, या तिन्ही गोष्टी जमत असतील तर हाकच बरी. मी तो ट्रिगर लावला, फेऱ्या बंद केल्या आणि खूश झालो.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेब म्हणाले, "सर, परवा मी दोन अर्ज शीटमध्ये टाकले, त्यांचे मसुदे काही आले नाहीत." ज्या पालकांकडे फोन नसतो ते कागदावर अर्ज देतात. भाऊसाहेब तो थेट शीटमध्ये टाइप करतात. हाताने टाइप केलेल्या ओळीला `On form submit` ची हाक होत नाही, कारण फॉर्म सादरच झालेला नसतो. फेरीच्या पद्धतीत हा प्रश्न कधी आला नव्हता. फेरी ओळ कुठून आली ते विचारत नाही, स्थिती रिकामी आहे एवढंच पाहते. (उलट `On edit` चा ट्रिगर हाताने केलेल्या बदलाला चालतो आणि फॉर्मने आलेल्या ओळीला चालत नाही. दोन्ही लावता येतात, पण मग दोन दारं सांभाळायची.)

हाकेचा दुसरा दोष असा, की ती एकदाच मारली जाते. त्या क्षणी काही अडलं, तर तोच अर्ज पुन्हा हाक मारत नाही. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतात. आमचे गैरहजेरीचे मेलही त्याच शंभरात. पावसाच्या दिवशी गैरहजेरी जास्त असली की शंभर दुपारीच संपायचे, आणि संध्याकाळी आलेल्या अर्जाची हाक वाया जायची. दुसऱ्या दिवशी नवे शंभर मिळायचे, पण त्या अर्जाकडे पाहणारं कोणी नसायचं.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. `Executions` पान उघडलं आणि दोन दिवसांत एकही धाव दिसली नाही, तर त्याचा अर्थ काय? अर्ज आले नाहीत, की हाकच बंद पडली? दोन्ही बाहेरून अगदी सारखं दिसतं. फेरीच्या पद्धतीत रिकामी फेरीसुद्धा एक नोंद ठेवते. दर पाव तासाला नोंद दिसते म्हणजे स्क्रिप्ट जिवंत आहे. हाकेच्या पद्धतीत रिकामी रांग आणि मेलेला ट्रिगर यांत फरक करता येत नाही. आणि ट्रिगर मरतो, हे लक्षात ठेवा. तो ज्याने लावला त्याच्या खात्यावर चालतो. ते शिक्षक बदलून गेले आणि त्यांचं खातं बंद झालं, की ट्रिगरही गेला. शीट तशीच उघडते, फॉर्म तसेच भरले जातात, फक्त पुढे काही होत नाही. हा ट्रिगर शाळेच्या खात्यात शिरून लावावा, स्वतःच्या खात्यातून लावू नये.

शेवटी जे ठेवलं ते दोन्ही मिळून आहे. हाक लावली आणि शिवाय तासाला एक फेरी. पण दोघांसाठी फंक्शन एकच. हाक आली तरी ते 'हा अर्ज घे' असं समजत नाही, 'रांग बघ' असंच समजतं आणि स्थिती रिकामी असलेल्या सगळ्या ओळी उचलतं. त्यामुळे एखादी हाक चुकली तर पुढची हाक किंवा पुढची फेरी ती ओळ घेते. सांगाडा असा (सहावा रकाना स्थितीचा, दुसरा मेलचा, रजिस्टर आणि मसुद्याचा भाग गाळला आहे):

```javascript
function processPending() {
  const lock = LockService.getScriptLock();
  if (!lock.tryLock(20000)) return;
  try {
    const sheet = SpreadsheetApp.getActive().getSheetByName('Arj');
    const rows = sheet.getDataRange().getValues();
    for (let i = 1; i < rows.length; i++) {
      if (rows[i][5] !== '') continue;
      if (MailApp.getRemainingDailyQuota() < 1) break;
      const cell = sheet.getRange(i + 1, 6);
      cell.setValue('SENDING');
      SpreadsheetApp.flush();
      MailApp.sendEmail(rows[i][1], 'Bonafide', 'Arj milala.');
      cell.setValue('SENT');
    }
    SpreadsheetApp.flush();
  } finally {
    lock.releaseLock();
  }
}
```

यातल्या तीन जागा समजून घ्या, बाकी सरळ आहे. वरचं कुलूप यासाठी, की हाक आणि फेरी एकाच वेळी आली तर दोघी एकच ओळ उचलून पालकांना दोन मेल पाठवतील. एकीने कुलूप घेतलं की दुसरी २० सेकंद थांबते आणि तरी सुटलं नाही तर परत जाते. दुसरी जागा, मेल शिल्लक आहेत का ते आधी पाहणं. नसतील तर ओळीला हात न लावता थांबायचं, म्हणजे ती रिकामीच राहते आणि उद्याची फेरी तिला घेते. तिसरी जागा 'SENDING' ची. मेल पाठवायच्या आधी ही खूण करायची आणि गेल्यावर 'SENT' करायची. मधेच स्क्रिप्ट पडली तर ओळ 'SENDING' वरच अडकते आणि आपोआप पुन्हा उचलली जात नाही. मी हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. मेल गेला की नाही हे नक्की नसताना पुन्हा पाठवण्यापेक्षा माणसाने पाहावं. अशी अडकलेली ओळ दिसली की भाऊसाहेब मला सांगतात. नुसतीच पोच पाठवायची असती तर दोनदा गेल्याने बिघडलं नसतं, मग हा सोपस्कार नको होता. फीची मागणी जात असेल तर मात्र हवाच.

तासाच्या फेरीचं अंतर कसं ठरवलं? इथे गणित बदलतं. आता रोजचं काम हाक करते, त्यामुळे पोच लवकर जावी ही जबाबदारी फेरीवर नाही. फेरी फक्त सुटलेलं गोळा करते. तेव्हा प्रश्न असा, की सुटलेला अर्ज किती वेळ सुटलेला चालेल? भाऊसाहेब दुपारी छापतात, त्यामुळे सकाळचं सुटलेलं दुपारपर्यंत सापडलं तर तो दाखला त्याच दिवशी सहीला जातो. तासाची फेरी त्याला पुरते. आठ ते सहा एवढ्याच वेळात धरल्या तर दिवसाला दहा फेऱ्या, आणि रात्री नुसतं घड्याळ पाहून परतणाऱ्या चौदा. दोन मिनिटांचाही खर्च नाही.

प्रत्येक ठिकाणी हाक मिळतेच असं नाही. ड्राइव्हच्या एखाद्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली की चालणारा ट्रिगर ॲप्स स्क्रिप्टमध्ये तयार मिळत नाही. जीमेलमध्ये नवा मेल आल्याचाही नाही. पालक वह्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकतात आणि तुम्हाला त्यांची यादी हवी असेल, तर फेऱ्याच माराव्या लागतील. तिथे वरचं सगळं गणित लागू पडतं. आधी सहन होणारी वाट, मग फेऱ्यांचा खर्च, मग त्याच खात्यावरची बाकीची कामं.

काही वेळा हाक मिळत असूनही फेरी बरी पडते. दहावीच्या निकालानंतरचे दोन-तीन दिवस आठवा. तासाभरात दीडशे फॉर्म येऊ शकतात. प्रत्येकाने हाक मारली तर दीडशे धावा, प्रत्येक धाव रजिस्टर उघडणार आणि कुलपासाठी एकमेकींच्या मागे थांबणार. एका खात्यावर एका वेळी चालणाऱ्या धावांनाही ३० ची मर्यादा आहे. त्यापेक्षा १० मिनिटांची फेरी एकदा रजिस्टर उघडते आणि साचलेले वीस-पंचवीस अर्ज एका दमात संपवते. रांग भरलेली असते तेव्हा फेरी रिकामी जात नाही, म्हणून तिच्याविरुद्धची मुख्य तक्रारच उरत नाही. त्या आठवड्यापुरता मी हाकेचा ट्रिगर काढून ठेवतो.

या दोहोंच्या मधलीही एक पद्धत आहे. मोठ्या कंपन्यांच्या रांगांमध्ये ती वापरतात, उदाहरणार्थ ॲमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत. विचारायला गेलेल्याला रिकाम्या हाताने लगेच परत न पाठवता दाराशी २० सेकंदांपर्यंत थांबवून ठेवतात. तेवढ्यात काम आलं तर लगेच देतात, नाही तर 'काही नाही' सांगतात. दर सेकंदाला विचारलं तर दिवसाला ८६,४०० फेऱ्या होतात. वीस सेकंद थांबून विचारलं तर रिकाम्या रांगेसाठी ४३२० पुरतात, आणि काम आलं तर तेही सेकंदभरात मिळतं. ॲप्स स्क्रिप्टमध्ये मात्र असं थांबणं महागात पडतं, कारण तिथे थांबलेला वेळही त्या ९० मिनिटांतच मोजला जातो.

जाता जाता एक सेटिंग. ट्रिगर लावतानाच अपयश कधी कळवायचं ते विचारतात, आणि आधीपासून `Notify me daily` निवडलेलं असतं. माझ्याकडे ते मेल रोज येत होते, मी ते न उघडता पुढे जात होतो. गैरहजेरीच्या ट्रिगरला आता `Notify me immediately` आहे. बोनाफाईडला रोजचंच ठेवलं आहे, त्यात एक तास इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही.

तासाच्या फेरीत काही सापडलं तर ती ओळ आणि वेळ मी एका वेगळ्या शीटमध्ये टिपून ठेवतो, म्हणजे हाक कुठे चुकते ते कळतं. गेल्या महिन्यात तीन ओळी सापडल्या. दोन भाऊसाहेबांनी हाताने टाइप केलेल्या. तिसरी दोन पालकांनी एकाच मिनिटात फॉर्म भरले होते त्यातली. पहिल्याची धाव कुलूप धरून मसुदा बनवत होती, दुसऱ्याची हाक २० सेकंद थांबून परत गेली. थांबण्याचा वेळ मी ४० सेकंद केला आहे.